उधारीच्या वहीवरून ताळेबंद: कर्जाचा अर्ज नेमका कुठे अडतो

कॅश क्रेडिटसाठी बँक नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद मागते. छोट्या दुकानदाराकडे असतं पासबुक, रोजच्या गल्ल्याची वही, उधारीची वही आणि बिलांचा गठ्ठा. एवढ्यावर पूर्ण हिशेब उभा राहतो. अडतं ते मागच्या वर्षअखेरच्या स्टेटमेंट ऑफ अफेअर्सपाशी, म्हणजे त्या दिवशी दुकानाचं काय होतं आणि देणं किती होतं याच्या यादीपाशी. ‘ताळेबंद आणा’ म्हणून माणसाला परत पाठवतात, पण ही यादी आधी लागते हे कुणी सांगत नाही.

तारीख नीट बघा. 2024-25 चा हिशेब हवा असेल तर यादी 31 मार्च 2024 ची. दिवाळीला मोजलेला माल इथे चालत नाही. समजा, त्या दिवशी माल 2,40,000, येणं उधारी 90,000, रोख व बँक 50,000 आणि फर्निचर 60,000, म्हणजे एकूण 4,40,000. पुरवठादारांचं देणं 1,40,000 वजा केलं की सुरुवातीचं भांडवल 3,00,000.

त्या दिवशीचा माल मोजलेलाच नसेल, तर नफ्याचा अंदाजे टक्का धरून मागे जाता येतं. पण मग ढोबळ नफा हिशेबातून निघत नाही, तो तुम्ही गृहीत धरलेला असतो. अर्जासोबत तसं स्पष्ट लिहून द्या.

आता उधार विक्री. वर्षात उधारीचे 5,10,000 वसूल झाले आणि अखेरीस 1,20,000 येणं उरलं. दोन्हींची बेरीज करून सुरुवातीचे 90,000 वजा करा: 5,40,000. बरेच जण वसुलीलाच विक्री समजतात आणि तिथेच 30,000 ची विक्री गायब होते. उधार खरेदीही अशीच काढायची, पुरवठादारांच्या खात्यावरून.

सगळ्यात फसवा आकडा घरखर्चाच्या उचलीचा. रोख-बँक खात्यात सुरुवातीची शिल्लक आणि सगळी जमा मिळून 12,80,000. पुरवठादार व खर्चापोटी 10,74,000 गेले. अखेरची शिल्लक 62,000. उरलेले 1,44,000 ही उचल, महिन्याला 12,000.

इथे कृपा करून थांबा आणि विचार करा. गल्ल्यातून परस्पर घरी नेलेले पैसे वहीत आलेच नसतील, तर विक्री आणि उचल दोन्ही तेवढ्याच रकमेने कमी दिसतात, आणि ताळेबंद तरीही जुळतो. जुळला म्हणजे बरोबर, असं धरून अर्ज देतात आणि नफा कमी दिसल्याने कर्जाची मर्यादाही कमी मिळते. चार माणसांचं घर महिन्याला 2,000 वर चाललेलं दिसलं, तर अधिकारी फाईल बाजूला ठेवणारच. उत्पन्नाचं दुसरं साधन असेल तर त्याचा पुरावा जोडा. नसेल तर रोजच्या विक्रीची नोंद बिलांशी पुन्हा ताडून पाहा.