कॅप्नोग्राफची सपाट रेघ आणि तिचा चुकीचा अर्थ

हृदय थांबलेल्या रुग्णाला श्वास देण्यासाठी नळी घातली आहे, छातीवर दाब चालू आहेत आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ मॉनिटरवर पूर्ण सपाट आहे. ‘रक्तच फिरत नाही, तर वायू कुठून दिसणार?’ असं वाटणं साहजिक आहे. पण हा तर्क चुकीचा आहे आणि त्यामुळे माणसं दगावली आहेत.

कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो. हा गुण वापरून जर्मनीत कार्ल लुफ्ट यांनी वायुमापक बनवला आणि १९४३ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. ही यंत्रं बराच काळ अवजड राहिली. भूलशास्त्रात आलेख वाचण्याची पद्धत बसवली ती नेदरलँड्सच्या स्मालहौट आणि कालेंडा या दोघांनी. त्यांनी रुग्णांचे आलेख जमवून १९७५ मध्ये त्यांचा संग्रहच छापला. प्रत्येक उच्छ्वासाला रेघ शून्यावरून झपकन चढते, मग जवळपास आडवी, किंचित वर जाणारी सपाटी येते आणि श्वास घेताच ती पुन्हा शून्यावर उतरते. सपाटीच्या शेवटचा आकडा म्हणजे EtCO2. निरोगी माणसात तो साधारण ३५ ते ४५ मि.मी. पारा असतो. दम्यासारख्या आकुंचनात फुप्फुसं असमान वेगाने रिकामी होतात, त्यामुळे चढ तिरपा होतो आणि सपाटी हरवते.

हा आकडा तीन गोष्टींवर ठरतो: शरीरात वायू किती तयार होतो, रक्त तो फुप्फुसापर्यंत किती आणतं आणि श्वासाबरोबर तो किती बाहेर पडतो. पुनरुज्जीवनात मधला दुवा निर्णायक ठरतो. १९७८ साली कालेंडा यांनी नोंदवलं, की छाती दाबणारा थकला की आकडा घसरतो आणि ताज्या दमाचा माणूस आला की पुन्हा चढतो. म्हणजे हृदय बंद असतानाही चांगल्या दाबांनी थोडं रक्त फिरतं आणि तरंग उमटतो: बुटका, पण स्पष्ट. आकडा सहसा १० ते २० च्या आसपास राहतो. तो अचानक ३५-४० वर उडाला, तर हृदय पुन्हा सुरू झाल्याची शक्यता मोठी. सोडिअम बायकार्बोनेट दिल्यावरही तो थोडा वेळ चढतो, म्हणून औषध कधी दिलं ते लक्षात ठेवावं.

रुग्णवाहिकांचा धडा फ्लोरिडातून आला. २००५ मधील अभ्यासात रुग्णालयाबाहेरच नळी घालून आणलेले १५३ रुग्ण तपासले गेले. कार्बन डायऑक्साइडची सतत मोजणी असलेल्या ९३ जणांत चुकीच्या जागी असूनही लक्षात न आलेली एकही नळी नव्हती. मोजणी नसलेल्या ६० जणांत अशा १४ होत्या. मग २०११ मध्ये श्वासमार्गातील गुंतागुंतींवरच्या ब्रिटनच्या चौथ्या राष्ट्रीय ऑडिटने आणखी कडू गोष्ट पुढे आणली: काही ठिकाणी कॅप्नोग्राफ जोडलेला होता, रेघ सपाट होती आणि तिचं खापर हृदय थांबण्यावर फोडलं गेलं. नळी अन्ननळीत होती.

म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात नळी श्वासनळीत आहे हे ठरवायला एखाद-दुसरा तरंग पुरेसा धरलेला नाही. मास्कने हवा देताना पोटात गेलेला वायू सुरुवातीला तरंग दाखवू शकतो, पण तो श्वासागणिक खुजा होत विरतो. निदान सात श्वास टिकणारा, न घटणारा आणि तळापासून ७.५ मि.मी. पाऱ्याहून उंच तरंग हवा.

वाहतुकीतलं एक उदाहरण घेऊ. रुग्ण अतिदक्षता विभागातून सीटी स्कॅनच्या टेबलावर हलवला. स्ट्रेचरवर आकडा ३६ होता. उचलल्यावर एक-दोन मिनिटांत तो २८, मग १९ झाला, पण तरंगाचा आकार शाबूत आहे. व्हेंटिलेटरचा श्वास बदललेला नसेल, तर रक्ताभिसरण कमी होत आहे. लगेच नाडी आणि रक्तदाब पाहावा, रक्तस्राव किंवा फुप्फुसातली गुठळी मनात आणावी. याउलट एका श्वासात ३६ वरून शून्य झालं, तर आधी नळी निसटली, व्हेंटिलेटरच्या नळ्यांचं सर्किट सुटलं किंवा नळी पूर्ण बंद झाली असं धरावं. सर्किटची जोडणी एका नजरेत पाहावी. उच्छ्वासाचा नमुना यंत्राकडे नेणारी सॅम्पलिंग लाइन वाकली किंवा पाण्याने तुंबली असेल, तर ती काढून स्वतः तिच्यात उच्छ्वास सोडावा: तरंग आला म्हणजे यंत्र ठीक आहे, दोष रुग्णाच्या बाजूला आहे. या तपासणीत वेळ दवडू नये. नळी श्वासनळीत असल्याची खात्री लगेच पटली नाही, तर ती काढून मास्कने ऑक्सिजन द्यावा. ऑक्सिमीटरवर ९९ दिसतं म्हणून थांबू नये. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेल्या रुग्णात तो आकडा पडायला काही मिनिटं लागतात.