जून म्हणजे यूनियो की हझीरान? अरबी भाषांतर द्यायच्या आधी हे वाचून घ्या

आमच्याकडे कागद आला की पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो, हा कागद नक्की कुठल्या देशात जाणार? बरेच जण म्हणतात "अरबीत करून द्या ना, अरबी ती अरबी." पण तारखेपाशी आलं की अरबी एक राहत नाही, कारण आपल्या जानेवारी-डिसेंबरच्याच महिन्यांना तिकडे वेगवेगळी नावं आहेत.

इजिप्त, सुदान आणि दुबई-ओमान-कतार हा सगळा आखाती पट्टा यनायर, फब्रायर, मारस अशी नावं वापरतो, ही आपल्याला ऐकून लगेच कळतात. सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन आणि इराकमध्ये मात्र सुर्यानी या जुन्या भाषेच्या वळणाची नावं आहेत, म्हणजे फेब्रुवारी शुबात, एप्रिल नीसान, जून हझीरान, जुलै तम्मूझ. किती मुरलीत बघा, इराकची 1958 ची क्रांती "14 तम्मूझ" आणि इजिप्तची 1952 ची "23 यूलियो", दोन्ही जुलैच! 1973 च्या अरब-इस्रायल युद्धालाही सीरियात तिश्रीनचं युद्ध म्हणतात आणि इजिप्तमध्ये ऑक्टोबरचं. म्हणून पत्त्यात किंवा संस्थेच्या नावात महिना आला असेल तर आम्ही तो बदलत नाही, इजिप्तमधलं "6 ऑक्टोबर" शहर कागद बगदादला जाणार असला तरी ऑक्टोबरच राहतं.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगतो. सुर्यानी नावांत दोन जोड्या आहेत. तिश्रीन पहिला म्हणजे ऑक्टोबर, तिश्रीन दुसरा नोव्हेंबर, कानून पहिला डिसेंबर आणि कानून दुसरा जानेवारी. (हा कानून आपल्या कायदे-कानूनातला नाही हं, अरबीत दोघांचं पहिलं अक्षरच वेगळं आहे.) जुनं सुर्यानी वर्ष ऑक्टोबरला सुरू व्हायचं म्हणून तिकडे हा क्रम सरळ होता, पण आपल्या वर्षात पहिला कानून शेवटी येतो आणि दुसरा सुरुवातीला, आणि नवखा माणूस इथेच हमखास घसरतो.

समजा सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचा अम्मानमधल्या एजंटशी करार आहे, 1 जून 2025 ते 31 डिसेंबर 2025. डिसेंबरच्या जागी चुकून कानून दुसरा पडला तर करार 31 जानेवारी 2025 ला संपतो, म्हणजे सुरू व्हायच्या चार महिने आधीच! ही चूक निदान पकडता येते, शेवटची तारीख सुरुवातीच्या आधी गेली की समजायचं कानून उलटा झालाय. पण शेवटच्या तारखेत "2025" च्या जागी "2026" असेल तर ती सहज निसटते, कारण मग तारीख खरी वाटते.

आखाती नावांचा वेगळाच त्रास, जून यूनियो आणि जुलै यूलियो, लिहिताना मधल्या एका अक्षराचाच फरक. फोटोकॉपी पुसट असली किंवा हाताने लिहिलेलं असलं की डोळे फसतात. 31 तारीख असेल तर तो जुलैच, जूनला 31 नसतातच, बाकीच्या तारखांना मात्र मूळ कागद बघण्यावाचून इलाज नाही.

म्हणून आमची पद्धत अशी, ज्या देशाचं ऑफिस कागद वाचणार तिथलं नाव आधी आणि दुसरं कंसात. वरचा करार अम्मानसाठी असा जाईल:

```
من 1 حزيران (يونيو) 2025 إلى 31 كانون الأول (ديسمبر) 2025
```

दुबईला जाणार असेल तर यूनियो आणि डिसेंबर बाहेर येतील, हझीरान कंसात. संयुक्त राष्ट्रांच्या अरबी कागदांतही दोन्ही नावं तिरपी रेघ मारून शेजारी देतात, तेव्हा यात कुणाला विचित्र वाटत नाही. एक लक्षात ठेवा, ठरतं ते वाचणाऱ्या ऑफिसवरून, माणसाच्या गावावरून नाही, म्हणजे सीरियन माणसाचा कागद शारजात द्यायचा असेल तर आखाती नावंच आधी. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाची नावं आणखी वेगळी, जुलै अल्जीरियात जुइलिया तर मोरोक्कोत यूलियूझ, तिकडचं काम असेल तर आधीच सांगा.

तुम्ही बिलं सॉफ्टवेअरमधून काढत असाल तर भाषेच्या सेटिंगमध्ये जॉर्डनचं `ar-JO` टाकल्यावर बहुतेक वेळा हझीरान येतं आणि अमिरातीचं `ar-AE` टाकल्यावर यूनियो. सौदीच्या `ar-SA` ला जपून, तिथे बऱ्याचदा तारीख थेट हिजरीत जाते आणि मग महिनाच काय वर्षही बदलतं.

शेवटचं, मूळ कागदात 03/04/2025 असं असेल तर तो 3 एप्रिल की 4 मार्च हे आम्हाला पेन्सिलने लिहून द्या. नीसान लिहायचं की आझार ते आम्ही अंदाजाने ठरवत नाही, फोन करतो, आणि तुम्ही उचलला नाहीत तर काम तिथेच थांबतं.