‘स्टॉप पेमेंट’ केलं म्हणजे सुटलो?

“खात्यात पैसे नसतील तरच केस होते ना? मी बँकेला सांगून चेक थांबवला, मग काय होणार?”

होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितलंय की ‘स्टॉप पेमेंट’ने परत गेलेल्या चेकवरही चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम 138 लागू शकतं.

समजा, देवगडच्या बागायतदाराला व्यापाऱ्याने हापूसच्या पेट्यांचा 80,000चा चेक दिला आणि मग थांबवला. चेक परत गेल्याचा बँकेचा मेमो 10 जूनला आला. बागायतदाराने 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. ती व्यापाऱ्याला 1 जुलैला मिळाली, तर 16 जुलैपर्यंत पैसे देऊन तो सुटतो. नाही दिले, तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही.

व्यापाऱ्याला बचाव आहे. खात्यात पुरेसे पैसे होते आणि माल खरोखर सडका निघाला, म्हणून देणंच उरलं नाही, हे त्याने दाखवायचं. चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट आधी धरून चालतं. तेव्हा सडक्या पेट्यांचे फोटो आणि त्याच दिवशीचा मेसेज जपलेला बरा. ऑगस्टमध्ये आठवलेली तक्रार कोण ऐकणार?