आगाऊ रक्कम आणि विलंब-दंडाची वाटाघाट

ऑर्डर मिळाल्यावरच बनवायला घ्यायची वस्तू, म्हणजे एखादे यंत्र, साचा किंवा कंट्रोल पॅनेल, विकत घेताना पुरवठादार काम सुरू करण्याआधी किमतीचा काही भाग मागतो. खरेदीदाराला ती वस्तू वेळेवर हवी असते, म्हणून तो उशिरासाठी दंड ठरवू पाहतो. हे दोन विषय करारात वेगवेगळ्या कलमांत येतात आणि बैठकीतही बहुधा वेगवेगळे बोलले जातात. ते एकत्र बोलणे शहाणपणाचे, कारण कागदावर लिहिलेला दंड वसूल होतो तो खरेदीदाराच्या हातात अजून उरलेल्या पैशातून. तसा पैसा उरला नसेल, तर दंडाच्या कलमामुळे फक्त दावा लावण्याचा हक्क मिळतो.

वाटाघाटीला बसण्यापूर्वी पुरवठादार पैसे आधी का मागतो आहे, हे शोधावे लागते. कच्चा माल घ्यायला त्याच्याकडे भांडवल नसेल. खरेदीदाराची पत त्याला माहीत नसेल. किंवा खास मापाची वस्तू बनवल्यावर ऑर्डर रद्द झाली तर ती दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही, ही त्याची भीती असेल. प्रत्येक कारणाला उत्तर निराळे आहे. पत माहीत नसल्याची अडचण असेल तर लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे ठरलेली कागदपत्रे आल्यावर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीने, भागते आणि आगाऊ रकमेची गरजच उरत नाही. ऑर्डर रद्द होण्याची भीती असेल तर कामाच्या टप्प्यानुसार वाढत जाणारे रद्दीकरण-शुल्क लिहून देता येते. रोख आधी लागते ती मालाच्या खरेदीसाठी, आणि तीसुद्धा बहुधा सगळी पहिल्या दिवशी नाही. म्हणून ‘अॅडव्हान्स किती टक्के?’ यावर घासाघीस करण्यापेक्षा ‘कोणत्या आठवड्यात, कशासाठी, किती खर्च होणार?’ असे विचारल्यास बोलणे लवकर पुढे सरकते. खर्चाचे वेळापत्रक दाखवायला जो तयार नाही, त्याला पैसे कदाचित दुसऱ्याच ऑर्डरचे भोक बुजवायला हवे आहेत, अशी शंका घ्यायला जागा असते.

एक नमुना पाहू. यंत्राची किंमत १०० एकक धरली. पुरवठादाराचा प्रस्ताव असा: ५० आगाऊ, ५० पाठवणीपूर्वी, मुदत आगाऊ रक्कम मिळाल्यापासून १६ आठवडे, उशिराला दर आठवड्याला किमतीच्या ०.५ टक्के दंड, कमाल ५ टक्के. दंडाचा हा दर आणि ही मर्यादा औद्योगिक खरेदीत नेहमीची आहे, त्यामुळे वरवर पाहता प्रस्ताव वाजवी वाटतो. पण पाठवणीची वेळ येते तेव्हा यंत्र पुरवठादाराच्या आवारात असते आणि पूर्ण ५० मिळाल्याशिवाय तो ते हलवत नाही. आधीच उशीर झालेला खरेदीदार तेव्हा दंड कापायला धजत नाही. तो सगळे पैसे भरतो आणि दंडाबद्दल नंतर पत्रे लिहीत बसतो.

चर्चेत कळते की पुरवठादाराचा माल ४० एककांचा आहे आणि तो तिसऱ्या आठवड्यात घ्यायचा आहे. मग मांडणी बदलते: १५ आगाऊ, बँक गॅरंटीच्या, म्हणजे पुरवठादाराने करार मोडल्यास ती रक्कम परत देण्याच्या त्याच्या बँकेच्या लेखी हमीच्या बदल्यात, २० माल कारखान्यात पोचल्याचे पाहणीने सिद्ध झाल्यावर, ४५ कारखान्यातील चाचणीनंतर पाठवणीपूर्वी, उरलेले २० यंत्र बसवून चालू झाल्यावर. दंड आठवड्याला १ टक्का, कमाल १० टक्के. येथे महत्त्वाचा आकडा शेवटचा आहे. राखून ठेवलेले २० एकक हे कमाल दंडाच्या दुप्पट आहेत, म्हणून कपात करायला कोणाची परवानगी लागत नाही. तरीही करारात ‘देय रकमेतून दंड वजा करता येईल’ असे स्पष्ट लिहावे. पुरवठादाराने दंडाचा दर कमी करून मागितल्यास तेथे थोडे सोडता येते. शेवटचा हप्ता मात्र कमाल दंडाच्या खाली जाऊ देऊ नये.

मुदत कधी सुरू होते यावरही लक्ष हवे. ‘आगाऊ रक्कम मिळाल्यापासून’ हे रास्त आहे, पण पुरवठादाराने बिनचूक प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे आगाऊ रकमेसाठीचे कच्चे बिल, आणि बँक गॅरंटी किती दिवसांत द्यायची आणि त्यानंतर खरेदीदाराने किती दिवसांत पैसे भरायचे, तेही लिहावे. नाहीतर गॅरंटी द्यायला पुरवठादारानेच तीन आठवडे लावले तर मुदतही आपोआप तीन आठवडे पुढे सरकते आणि दंड मात्र शून्य राहतो.

समजा, वरच्या नमुन्यात यंत्र ६ आठवडे उशिरा आले आणि त्यातले २ आठवडे खरेदीदाराने ड्रॉइंग मंजूर करायला जास्त घेतले. मग दंडपात्र उशीर ४ आठवड्यांचा. करारात एका आठवड्याची सवलत असेल, तर दंड ४ की ३? सवलत ओलांडल्यावर मोजणी पहिल्या दिवसापासून करायची की सवलतीनंतर, हे लिहिलेले नसले की एवढ्याशा फरकावर महिनाभर पत्रव्यवहार चालतो. अंशतः पाठवणीचाही असाच वाद होतो. पुरवठादार म्हणतो, फक्त कंट्रोल पॅनेल उशिरा आले, दंड त्याच्याच किमतीवर लावा. पण पॅनेलशिवाय यंत्र नुसते उभे राहते. म्हणून ‘ज्या भागाअभावी यंत्र वापरता येत नाही, तो येईपर्यंत दंड पूर्ण किमतीवर’ असे वाक्य घालावे लागते.

बँक गॅरंटी ‘पहिल्या मागणीवर देय’ हवी, म्हणजे करार मोडल्याचे आधी न्यायालयात सिद्ध करावे लागत नाही. अशा गॅरंटींसाठी आंतरराष्ट्रीय व्यापारात यूआरडीजी ७५८ ही नियमावली २०१० पासून वापरात आहे. गॅरंटीतली सर्वांत नडणारी चूक म्हणजे ती ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखेलाच संपणे: उशीर सुरू होतो त्याच दिवशी संरक्षण संपते. तिची मुदत काही महिने पुढची असावी आणि पुरवठादाराने ती वेळेत वाढवली नाही तर रक्कम मागता यावी. लहान पुरवठादाराकडे बँक गॅरंटीसाठी बँकेत अडकवून ठेवावे लागणारे पैसे, म्हणजे मार्जिन, बहुधा नसते. तेव्हा आगाऊ रक्कम आणखी कमी करून मालविक्रेत्याला खरेदीदाराने थेट पैसे देणे हा मार्ग उरतो. तो माल खरेदीदाराच्या मालकीचा म्हणून वेगळा ठेवून त्यावर तशी चिठ्ठी लावतात. मात्र पुरवठादार दिवाळखोर झाला तर ही मालकी त्याच्या इतर धनकोंपुढे टिकेल की नाही, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते.

दंड हवा तेवढा वाढवता येत नाही. इंग्लिश कायद्यात १९१५ पासून नुकसानीचा खरा पूर्व-अंदाज ही कसोटी मानली जाई. २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराच्या रास्त हितसंबंधाच्या मानाने दंड अतोनात नसावा, असे सांगितले. अनेक देशांत न्यायाधीश अवाजवी दंड कमी करू शकतो. त्यामुळे यंत्र बंद राहिल्यास आठवड्याला साधारण किती तोटा होईल, याचे गणित करार करतानाच फाइलला लावून ठेवतात.

दंड कमाल मर्यादेला पोचल्यावर काय, हे कलम बऱ्याच मसुद्यांत नसते. वरच्या नमुन्यात १० आठवडे उलटले की पुढच्या प्रत्येक आठवड्याचा उशीर पुरवठादाराला फुकट पडतो. बहुतेक पुरवठादार ‘दंड हाच एकमेव उपाय’ असेही लिहून मागतात. ते मान्य करायचे तर मर्यादा गाठल्यावर करार रद्द करून दिलेली सगळी रक्कम परत घेण्याचा हक्क त्यातून वगळून घ्यावा लागतो. तो वापरायचा दिवस आला तर १५ एकक गॅरंटीतून मिळतात. मालापोटी दिलेल्या २० एककांसाठी मात्र मालाची मालकी किंवा वाढीव गॅरंटी, यांपैकी एक आधीच मागून ठेवलेली असायला हवी.