दात काढायचे की नाही काढायचे : ब्रेसेस लावण्याआधी आमच्या पेशंट्सनी हे एकदा वाचा

ठाण्यात आमच्याकडे ब्रेसेस किंवा अलाइनरसाठी येणाऱ्या दहातले सात-आठ जण खुर्चीत बसायच्या आधीच एक प्रश्न विचारतात, डॉक्टर दात काढावे लागणार नाहीत ना? बरेच जण तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर हसऱ्या चेहऱ्याचा सेल्फी पाठवतात आणि खाली लिहितात, फोटो बघून सांगा काढावे लागतील का. फोटोवरून आम्ही सांगत नाही, आणि त्याचा काही जणांना राग येतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

ब्रेसेससाठी काढायचे म्हणजे बहुतेक वेळा सुळ्याच्या लगेच मागचा छोटा दात, ज्याला प्रीमोलर म्हणतात, तो. दोन वरचे, दोन खालचे, कधी फक्त वरचे दोनच. एक प्रीमोलर साधारण 7 मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे एका जबड्यात दोन्ही बाजू धरून जवळजवळ 14 मिलिमीटर जागा मोकळी होते. ही जागा दोन कामांना लागते. एक, दाटीवाटीने वाकडे उगवलेले दात सरळ रांगेत बसवायला. दोन, पुढे आलेले दात मागे न्यायला. पहिलं काम तुम्हाला आरशात दिसतं, दुसरं दिसत नाही, आणि सगळी गडबड इथेच होते.

लोकांचा हिशोब असा की दात फार वाकडे असले तरच काढावे लागतात, थोडेच वाकडे असले तर नाही. अर्धं बरोबर आहे. आम्ही पण क्राउडिंग मोजतोच, म्हणजे सगळे दात नीट बसायला जेवढी जागा लागेल त्यात किती कमी पडतेय ते. साधारण 4 मिलिमीटरपर्यंत कमी पडत असेल तर सहसा न काढता जमतं, 10 च्या पुढे गेलं तर बहुतेक वेळा काढावे लागतात, आणि मधल्या पट्ट्यातल्या लोकांचा निर्णय चेहऱ्यावरून होतो. पण दात पुढे असतील तर 4 च्या आतल्या पेशंटचा निर्णयसुद्धा चेहराच फिरवतो. चेहरा म्हणजे बाजूने बघितल्यावर ओठ कुठे आहेत, आणि ओठ सैल सोडल्यावर मिटतात की उघडे राहतात.

दोन उदाहरणं देतो. पहिली मुलगी 24 वर्षांची, खालच्या दातांत क्राउडिंग फक्त 3 मिलिमीटर. तिला वाटत होतं की सहा-आठ महिन्यांचं काम आहे. पण ओठ सैल सोडले की वरच्या आणि खालच्या ओठात 7 मिलिमीटर फट, आणि ओठ मिटले की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे. हे खड्डे नीट बघा, ओठ मिटायला हनुवटीचा स्नायू खालचा ओठ वर ढकलतोय याची ती खूण आहे. (सैल ओठांत 3-4 मिलिमीटर फट असणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका.) तिचे वरचे-खालचे दोन्ही दात पुढे होते आणि तिची स्वतःची तक्रार पण 'माझं तोंड पुढे दिसतं' हीच होती. आता हिशोब करू. पुढचे दात 1 मिलिमीटर मागे न्यायला साधारण 2 मिलिमीटर जागा लागते, कारण दोन्ही बाजूंनी लागते. तिचे खालचे दात 4 मिलिमीटर मागे न्यायचे ठरले, म्हणजे 8, अधिक क्राउडिंगचे 3, एकूण 11. प्रीमोलर काढून मिळाले 14, उरलेले 3 म्हणजे दोन्हीकडून दीड-दीड मिलिमीटर मागच्या दाढा पुढे सरकून भरले. वरच्या जबड्यातही असाच हिशोब केला. तिचे चार दात काढले.

दुसरी 26 वर्षांची, क्राउडिंग 6 मिलिमीटर, पहिलीच्या दुप्पट. दात बघून कोणीही म्हणेल हिचे काढणार. पण तिचे ओठ पातळ, सैल सोडले तरी सहज मिटणारे, बाजूने चेहरा सपाट, नाक आणि हनुवटी ठळक. तिचे दात काढून 14 मिलिमीटर जागा केली असती तर 6 वापरून 8 उरले असते, आणि ती भरताना पुढचे दात आत गेले असते, त्यांच्याबरोबर ओठ पण आत गेले असते. लोक जे म्हणतात ना, दात काढले की चेहरा बसतो आणि माणूस म्हातारा दिसतो, ते अशा चेहऱ्यात खरंच होऊ शकतं. तिच्यात आम्ही पुढच्या सहा दातांच्या मधल्या पाच फटींतून प्रत्येकी अर्धा मिलिमीटर घासून अडीच मिळवले, दाढांच्या आधीचे दात आत कलले होते ते उभे करून दीड मिळाले, आणि खालचे पुढचे दात 1 मिलिमीटर पुढे आणून 2. झाले 6. खालचे पुढचे दात तिचे मुळात जरा आत कलले होते आणि हिरडी जाड होती म्हणूनच ते पुढे आणता आले, नाहीतर आणले नसते.

म्हणजे कमी वाकडे होते तिचे काढले आणि जास्त वाकडे होते तिचे नाही काढले. तुमच्या मैत्रिणीचे न काढता झाले म्हणून तुमचेही होतील, असं यात अजिबात नसतं.

आता ती चूक, जिच्यामुळे तुमचा पण वेळ जातो आणि आमचा पण. रेकॉर्डच्या दिवशी बाजूचा फोटो आणि लॅटरल सेफ नावाचा एक्स-रे काढताना लोक ओठ घट्ट मिटून बसतात! मुद्दाम नाही करत कोणी, लहानपणापासून तोंड मिटून बस असं ऐकत आलोय, फोटोत दात दिसू नयेत अशी सवय असते, आणि ज्यांचे दात पुढे असतात त्यांना तर ही सवय सगळ्यात पक्की. पण ओठ दाबून मिटले की खालचा ओठ ताणला जातो, चेहरा बाजूने खरा असतो त्यापेक्षा सरळ दिसतो, आणि जी 7 मिलिमीटरची फट बघून निर्णय घ्यायचा ती फट रेकॉर्डमध्ये नसतेच. पहिल्या मुलीचा पहिला एक्स-रे तिने बाहेरच्या सेंटरवर काढून आणला होता, तो असाच होता. त्यावर प्लॅन केला असता तर 3 मिलिमीटर क्राउडिंग आहे, चेहरा बरा आहे, न काढता करा असंच निघालं असतं. दात सरळ झाले असते, पण जागा नसताना सरळ करायचे म्हणजे ते अजून पुढेच आले असते. लोकलमध्ये तीन जणांच्या सीटवर चौथा बसला की तो अर्धा बाहेरच असतो, तसं.

असे पेशंट आमच्याकडे दुसरीकडून येतात, वर्ष-सव्वा वर्ष तारा लावून झालेल्या असतात आणि म्हणतात दात सरळ झाले पण तोंड आणखी पुढे आलं. मग तेव्हा दात काढून पुन्हा जागा भरायची, आणि जागा महिन्याला साधारण 1 मिलिमीटरच भरते, त्यामुळे पुढचं वर्ष त्यात जातं. खालचे पुढचे दात हाडाबाहेर ढकलले गेले असतील तर हिरडी खाली उतरून मूळ उघडं पडतं, ते तर मागे घेऊन पण पूर्ण भरून येईलच असं नाही.

म्हणून आमच्याकडे फोटो काढायच्या आधी तुम्हाला जरा विचित्र वाटेल असं करायला सांगतात. ओठांवरून जीभ फिरवा, एकदा गिळा, 'मम' म्हणा आणि ओठ सोडून द्या, दाढा हलक्या टेकलेल्या, नजर समोर. ओठ उघडे राहिले तर राहू द्या, तेच बघायचंय. एकदा नाही, दोन-तीनदा करून बघतो, कारण पहिल्या वेळी जवळजवळ सगळेच दाबतात. घरी आरशासमोर करून आलात तर काम लवकर होतं. बाहेरून आणलेला एक्स-रे ओठ दाबून काढलेला असेल तर आम्ही तो परत काढायला सांगतो. पैसे उकळायला सांगतात असं कोणाला वाटू नये म्हणून आधीच सांगतो, तो पाहूनच निर्णय होतो, दुसरा मार्ग नाही.

दात काढण्यात डॉक्टरचा फायदा असतो असं पण ऐकतो. आमच्या क्लिनिकमध्ये दोन्हीची ब्रेसेस फी एकच आहे, आणि काढलेल्या केसमध्ये आमचं काम जास्त आणि लांब असतं. न काढता होत असेल तर आम्हालाही तेच सोपं. तसा हा वाद शंभर वर्षांपेक्षा जुना आहे, अमेरिकेत एडवर्ड अँगल म्हणायचे सगळे दात ठेवायचेच, आणि त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने स्वतः न काढता केलेले पेशंट पाहिले, तोंडं पुढे आलेली आणि दात परत वाकडे झालेले, आणि दात काढून त्यांची ट्रीटमेंट परत केली. नंतर दात काढण्याचं प्रमाण फार वाढलं, पुढे परत कमी झालं. आम्ही दोन्हीपैकी कुठल्याच बाजूचे नाही.

अजून एक, बाजूचा चेहरा मोजायला नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत एक रेघ धरतात आणि ओठ तिच्या किती आत-बाहेर ते बघतात. पुस्तकातले आकडे मुळात गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून आलेत, आपल्याकडे ओठ थोडे भरलेलेच असतात आणि ते छान दिसतात, त्यामुळे आकड्यासाठी चांगला चेहरा सपाट करायचा नाही. आणि दात जेवढे मागे जातात तेवढे ओठ जात नाहीत, साधारण अर्ध्यापासून दोन तृतीयांशपर्यंत, जाड ओठ असतील तर त्याहून कमी. ट्रीटमेंटनंतर चेहरा कसा दिसेल हे मिलिमीटरपर्यंत कोणी सांगत असेल तर जरा थांबा.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या आईबाबांना एवढंच, खालची शेवटची दुधाची दाढ हलतेय म्हणून घाईने काढू नका, आधी दाखवा. तिच्या जागी येणारा दात तिच्यापेक्षा लहान असतो, आणि दोन्ही बाजूंची ती जास्तीची जागा एका तारेने धरून ठेवली तर काही मुलांचं पुढे दात काढणं टळतं. शिवाय वाढत्या वयात नाक आणि हनुवटी पुढे येतात, त्यामुळे आज पुढे वाटणारे ओठ उद्या तेवढे वाटत नाहीत, म्हणून मधल्या पट्ट्यातल्या मुलांचे आम्ही शक्यतो लगेच काढत नाही.

वरचे दात काढले की नजर कमी होते, हे खरं नाही.

रेकॉर्ड झाल्यावर तीन-चार दिवसांत तुम्हाला एक कागद मिळतो, त्यावर वरच्यासारखाच जागेचा हिशोब लिहिलेला असतो, किती लागते, कुठून मिळणार, आणि मधल्या पट्ट्यात असाल तर दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी. तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलंत तरी हरकत नाही, ट्रीटमेंट आमच्याकडे सुरू केलीत तर रेकॉर्डची फी त्यातून वजा होते. रेकॉर्डला येताना लिपस्टिक लावू नका, दाढीमिशा असतील तर ओठांच्या कडा दिसतील इतक्या कमी करून या, आणि आधीचे एक्स-रे कितीही जुने असले तरी घेऊन या. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, रेकॉर्ड आम्ही फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी घेतो.