चारचा गजर आणि खर्जाचा रियाज

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझ्या आत्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, पहाटे चारला उठायचं आणि खर्ज भरायचा. जूनमध्ये चार आणि जानेवारीतही चार. ग्वाल्हेरची जानेवारी म्हणजे समोरचं घरही दिसत नाही असं धुकं (इथले आम्ही मराठी लोकही त्याला कोहराच म्हणतो) आणि त्यात रजईतून निघून तानपुऱ्यापाशी बसायचं. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे : ब्राह्ममुहूर्त.

मग एकदा मी कागद घेऊन बसलो. अहोरात्रीचे तीस मुहूर्त, म्हणजे एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा, जुन्या हिशोबाने दोन घटिका. रात्रीचे त्यातले पंधरा, आणि शेवटून दुसरा तो ब्राह्म. म्हणजे तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. ग्वाल्हेरला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण ५.२५ ला उगवतो, तेव्हा मुहूर्त पडतो ३.५० ते ४.३७. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्योदय सातच्या पुढे, ७.०५ च्या आसपास; तेव्हा मुहूर्त साडेपाचला लागतो आणि सव्वासहाच्या थोडं पुढे संपतो. रात्रीची खरी लांबी मोजून तिचे पंधरा भाग केले तर दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, इतकंच. तात्पर्य, आत्याचे चार जूनपुरते बरोबर होते. जानेवारीत चारला ब्राह्ममुहूर्ताला अजून दीड तास असतो. परंपरेने वेळ सूर्याला बांधली होती, आपण ती गजराच्या घड्याळाला बांधली.

याच घटकेला पवित्र का म्हणायचं? ब्रह्म म्हणजे वेद, ज्ञान. तेव्हा हा अध्ययनाचा मुहूर्त, हे सरळ उत्तर. पण आकाशाकडे पाहिलं की आणखी एक कारण दिसतं. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर आला की पूर्वेला पहिली फिकट उजळण सुरू होते. आपल्याकडे ती सूर्योदयाच्या सुमारे ८० ते ९० मिनिटं आधी दिसते, म्हणजे ब्राह्ममुहूर्त लागल्यावर थोड्याच वेळात. प्रातःसंध्या तारे दिसत असतानाच केलेली उत्तम, असं शास्त्र सांगतं. मग शौच, मुखमार्जन, स्नान आटोपून ताऱ्यांच्या साक्षीने संध्येला बसायचं असेल तर उठायला हीच वेळ उरते. माझ्या मते या घटकेचं पावित्र्य बरंचसं या जुळणीतून आलं आहे.

आता गळ्याकडे. रात्रभर आडवं पडल्यावर, दिवसा पायांकडे ओढलं जाणारं शरीरातलं पाणी डोक्या-मानेकडेही पसरतं. स्वरतंतूंभोवतीच्या ऊती किंचित सुजतात, आणि तंतू रात्रभर वापरात नसल्याने सैलही असतात. जाड, सैल तंतू सावकाश कंप पावतात. सकाळी फोनवर पहिला ‘हॅलो’ घोगरा आणि खालचा येतो तो यामुळेच. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा सा सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा. तिचा मंद्र पंचम म्हणजे १५६. दुपारी या पंचमावर तिचा आवाज नुसती हवा होतो. उठल्याबरोबर मात्र तोच पंचम भरीव लागतो, कारण तंतू आधीच त्या वेगाच्या जवळ असतात. खर्जाचा रियाज पहाटे का, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यांत साधं उत्तर हे आहे. याच कारणासाठी त्या वेळी तारसप्तकात जाऊ नये आणि जोरकस ताना घेऊ नयेत. सुजलेले तंतू ताणून एकमेकांवर आपटले की घसा बसतो. आत्या पहिला अर्धा तास नुसता आकार लावून घ्यायची, तोही हलका.

पण ही सूज उठण्याशी बांधलेली आहे, चार वाजण्याशी नाही. सातला उठलात तर सातलाही मंद्र पंचम लागेल. मग पहाटच कशाला? तर तानपुऱ्यासाठी. खर्जाच्या तारेतून तिच्या मूळ कंपनांच्या पाचपट वेगाचा एक बारीक स्वर आपोआप निघतो, तो स्वयंभू गंधार. त्याच्यावर कान ठेवून सूर मिळवायचा असतो. दाणाओळीत दुधाच्या गाड्या आणि टेम्पो सुरू झाले की तो आवाजाखाली बुडतो. तार तशीच वाजत असते, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. जूनमध्ये हेच काम छताचा पंखा करतो. म्हणून आत्या पंखा बंद करायची, आणि मुली घामाने भिजून सा लावायच्या.

या सगळ्याची किंमत झोपेतून जाते. गेल्या हिवाळ्यात एक सोळा वर्षांची मुलगी यायची. कोचिंग, गृहपाठ, जेवण करून ती साडेअकराला झोपायची आणि चारला उठायची, म्हणजे साडेचार तास. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची आणि हलकी झोप जास्त असते, आणि तीच कापली जात होती. २००२ साली अमेरिकेत बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. रात्रभर झोपून उठल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढला होता. ही वाढ हलक्या झोपेच्या एका टप्प्याशी जुळत होती, विशेषतः रात्रीच्या शेवटच्या चौथ्या भागातल्या. कळा दाबणं म्हणजे गाणं नव्हे, हे मान्य. तरी काल घोटलेला पलटा बसायला जी झोप लागत असावी, तीच मोडून आज नवा पलटा घोटायचा, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

दुसरी गोष्ट ट्यूबलाइटची. शरीराचं तापमान नेहमीच्या जागं होण्याच्या दोन-तीन तास आधी सगळ्यांत खाली जातं. झोप पुरी होत असताना सातला आपोआप जागी होणाऱ्या मुलीचं ते साडेचारच्या सुमारास जाईल. त्याच्या आधी डोळ्यांवर लख्ख उजेड पडला तर शरीराचं घड्याळ मागे सरकतं, म्हणजे रात्री झोप आणखी उशिरा येते. त्यानंतर पडला तर घड्याळ पुढे येतं आणि उठणं सोपं होतं. चारला उठून खोलीभर उजेड करणारी ही मुलगी रोज स्वतःलाच उशिरा झोपणारी बनवत असणार. समईच्या मंद उजेडात हा परिणाम फारच थोडा.

तिच्याकडे नीट पाहिलं तर हे कळत होतं. चहा घेऊनही अर्धा तास डोकं जड, रविवारी दहाशिवाय जाग नाही, आणि सा तानपुऱ्याच्या किंचित खाली; तो खाली आहे हे तिला स्वतःला मात्र ऐकू येत नसे.

मी आत्याला कागद दाखवला. “जानेवारीत हिला साडेपाचला उठव. मुहूर्त तेव्हाच लागतो. उजेड कमी ठेव, आणि रियाज झाला की गच्चीवर उन्हात पाठव.”

आत्याने चष्मा लावून आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मुलीचा चेहरा खुलला होता.

“बरं,” आत्या म्हणाली, “मग जूनमध्ये चारच्या ऐवजी दहा मिनिटं आधी. हेही तुझ्याच कागदावर आहे ना? आणि साडेनऊला झोपायचं, कोचिंगवाल्यांना काय सांगायचं ते तू सांग.”