उलट भाषांतर (व्यावसायिक ईमेलचे)

यंत्राने परभाषेत केलेला ईमेल पाठवण्यापूर्वी तो पुन्हा यंत्राकडूनच मूळ भाषेत आणून, आपण लिहिलेल्या मजकुराशी ताडून पाहण्याच्या पद्धतीस उलट भाषांतर किंवा प्रत्यनुवाद म्हणतात. संशोधनातील प्रश्नावल्यांसाठी ही पद्धत यंत्रांच्या आधीपासून रूढ आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये तिची सविस्तर मांडणी केली, आणि तीत दोन स्वतंत्र माणसे लागत: एक भाषांतर करणारा आणि दुसरा, मूळ मजकूर न पाहता तो परत आणणारा. ईमेलच्या बाबतीत दोन्ही कामे यंत्र करते, आणि या पद्धतीचे बळ व मर्यादा दोन्ही त्यातूनच येतात.

कोल्हापूरची एखादी फाउंड्री परदेशी ग्राहकाला इंग्रजीत कळवू पाहत आहे असे समजू. मराठी मसुद्यात दोन वाक्ये आहेत: ‘पॅटर्न दुरुस्तीचा खर्च आपण करावा’ आणि ‘माल 31 मार्चपर्यंत पाठवला जाईल’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ आहे. परंतु मराठीत ‘आपण’चा बोलणारा आणि ऐकणारा मिळून दोघे असाही अर्थ होतो, आणि यंत्राने हा दुसरा अर्थ धरला तर इंग्रजीत ‘वुई’ येते. ते वाक्य परत मराठीत आणल्यावर ‘पॅटर्न दुरुस्तीचा खर्च आम्ही करावा’ असे वाचायला मिळाले, तर खर्च आपल्याच गळ्यात पडल्याचे लगेच ध्यानात येते. अशा वेळी इंग्रजी मजकुरात हात घालण्यापेक्षा मराठी वाक्यच ‘हा खर्च तुमच्या कंपनीने करावा’ असे बदलून पुन्हा दोन्ही फेऱ्या कराव्यात, कारण ज्याला इंग्रजीची खात्री नाही त्याने इंग्रजीत केलेली दुरुस्ती तपासणार कोण?

दुसरे वाक्य अधिक फसवे आहे. मराठीतील ‘पर्यंत’ हा एकच शब्द इंग्रजीतील ‘बाय’ आणि ‘अंटिल’ या दोन्ही शब्दांचे काम करतो. यंत्राने येथे ‘अंटिल’ निवडले, तर ग्राहक असे समजेल की माल 31 मार्चपर्यंत येत राहील आणि त्यानंतर बंद होईल. मात्र उलट भाषांतरात तेच वाक्य पुन्हा ‘31 मार्चपर्यंत’ असे, मूळ मसुद्याशी तंतोतंत जुळून येते. चूक जाताना झाली, परतताना झाकली गेली. ‘आपण’च्या बाबतीतही हे घडू शकते: ‘वुई’ परतताना ‘आपण’ झाले, की लिहिणारा समाधानाने ईमेल पाठवून देतो. म्हणून जुळणी झाली हा भाषांतर बरोबर असल्याचा पुरावा मानता येत नाही. 2005 मध्ये यंत्रभाषांतराचे अभ्यासक हॅरल्ड सोमर्स यांनी अशा फेरीच्या भाषांतरावरून मूळ भाषांतराचा दर्जा ठरवण्यास याच कारणाने आक्षेप घेतला होता. हा आक्षेप रास्त आहे, पण त्यामुळे पद्धत टाकाऊ ठरत नाही. विसंगती दिसली तर ती चौकशीला कारण पुरवते; दिसली नाही तर फारसे काही सिद्ध होत नाही, एवढा फरक वापरणाऱ्याने मनाशी पक्का ठेवावा.

झाकल्या जाणाऱ्या चुका कमी करण्याचा खरा उपाय मसुद्यातच आहे. एका शब्दाचे दोन अर्थ निघू शकतील तेथे अर्थ उलगडून लिहावा: ‘पर्यंत’ऐवजी ‘31 मार्च रोजी किंवा त्यापूर्वी’, ‘परवा’ऐवजी तारीख, कर्ता गाळलेल्या वाक्यात कर्ता. परतीची फेरी दुसऱ्या सेवेकडून करून घेतल्यास दोन्ही बाजूंना एकच सवय लागू होण्याची शक्यता घटते. ताडताना शब्द न जुळवता कोण, कोणाला, किती, केव्हा आणि कोणत्या अटीवर एवढेच पाहावे. ‘आपला कृपाभिलाषी’ परतताना ‘आपला विश्वासू’ झाले तर ती शैलीची हालचाल आहे, अर्थाची नव्हे. उलट ‘नाही’, ‘फक्त’ किंवा ‘जर’ गळाले असेल तर ईमेल थांबवावा.

आकड्यांवर मात्र ही पद्धत जवळजवळ आंधळी आहे. 1,250 नग असा आकडा यंत्राने जर्मनमध्ये जसाच्या तसा ठेवला, तर तो परतही तसाच येतो; पण जर्मन लेखनात स्वल्पविराम दशांश दाखवतो, त्यामुळे तेथील वाचक तो सव्वा असा वाचू शकतो. 04/05 या तारखेचेही तसेच: भारतात ती 4 मे, अमेरिकेत 5 एप्रिल. म्हणून संख्येत विरामचिन्ह न घालता 1250 लिहावे आणि महिन्याचे नाव अक्षरांत द्यावे, म्हणजे तपासायला काही उरतच नाही.